सतरा-ब

आमच्या होस्टेलच्या रेक्टरसरांनी मला चार वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. मी सतरा-ब. माझ्या उजवीकडे झोपणारा सतरा-अ, दाराजवळचा सतरा-क. अठ्ठावीस खोल्या, प्रत्येकीत तीन कॉट, म्हणजे चौऱ्याऐंशी जीव. हे सगळे सरांना कॉटवरून तोंडपाठ. रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन ते व्हरांड्यातून निघाले की दार न उघडता सांगत, "नऊ-क अजून आलेला नाही. त्याची चप्पल नाही." वडील भेटायला आले आणि मुलाचं नाव सांगितलं, तर सर गोंधळून विचारत, "कॉट कोणती?"

माणसं बदलतात, कॉट बदलत नाही, असा त्यांचा एकंदर जीवनविषयक दृष्टिकोन होता. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

शेवटच्या वर्षी मी मेस सेक्रेटरी होतो. दर महिन्याच्या पाच तारखेला बाकीदारांच्या मागे वणवण करावी लागे आणि बाकीदार तर माझेच मित्र. म्हणून मी ऑफिसच्या कम्प्युटरवर एक गूगल शीट बनवली. तिच्यात दोन पानं होती. 'यादी'वर कॉट, नाव आणि ईमेल. 'हिशोब'वर कॉट, दिवस, खाडे आणि रक्कम. मागे एक छोटी स्क्रिप्ट होती. ती पाच तारखेला सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान आपणहून उठायची, 'हिशोब'मध्ये जिथे बाकी दिसेल ती कॉट 'यादी'त शोधायची आणि समोरच्या पत्त्यावर मेल टाकायची. मजकूर खुद्द सरांनी सांगितलेला होता : "सदर रक्कम दहा तारखेच्या आत न भरल्यास ताटावर बसू देण्यात येणार नाही."

पहिल्या महिन्यात सरांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या महिन्यात ते स्क्रिप्टला 'आपला शिपाई' म्हणू लागले. "रजा नाही, चहा नाही, गावाला सासू आजारी नाही," असं ते कौतुकाने सांगत.

मी पास झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि 5 सप्टेंबरला, ऐन शिक्षक दिनी, सकाळी साडेनऊला मला मेल आला. सतरा-ब, ऑगस्ट, दिवस 31, खाडे 4, आकार 27 गुणिले 95, एकूण 2,565 रुपये. खाली ताटावर बसू न देण्याची धमकी. मजकूर ओळखीचा होता, स्क्रिप्ट माझीच होती, फक्त जेवलो मी नव्हतो.

दुपारपर्यंत आमच्या बॅचच्या ग्रुपवर कल्लोळ माजला. असे एकसष्ट मेल गेले होते. जर्मनीला गेलेल्या सहा-अ ने सरांना उत्तर पाठवलं, "ताट राहू द्या, वरण तरी कुरिअर करा." बावीस-क चा मेल त्याच्या वडिलांनी पाहिला आणि त्यांचा समज झाला की पोरगा नोकरीच्या थापा मारून अजून होस्टेलातच लोळतोय. त्यांनी त्याला ऑफर लेटर वाचून दाखवायला लावलं. तिघांनी तर मुकाट पैसे भरून टाकले. त्यातल्या एकाने दोन वर्षांपूर्वी भावाला चोरून गेस्ट म्हणून जेवू घातलं होतं. त्याला वाटलं, सापडलो.

तिकडे होस्टेलात शांतता होती. ज्यांनी खरोखर ऑगस्टभर पोळ्या हाणल्या होत्या, त्यांना कोणी काही मागितलंच नाही, आणि न मागता मेसचे पैसे भरणारा विद्यार्थी अजून जन्मायचा आहे. बारा तारखेला मेसच्या मावशी सिलिंडरचे पैसे मागायला आल्या तेव्हा सरांचा पारा चढला. ते रजिस्टर घेऊन मेसच्या दारात उभे राहिले.

"सतरा-ब, मेल मिळाला ना?"

"नाही सर."

"खोटं बोलू नकोस. गेलेल्या मेलमध्ये सतरा-ब स्पष्ट आहे."

"सर, पण ते नाव माझं नाही."

"नाव कोण विचारतंय? कॉट तुझी ना?"

त्या रात्री मला सरांचा फोन आला. "अरे सतरा-ब, तुझा शिपाई भ्रमिष्ट झालाय."

रविवारी गेलो. सरांनी चूक केलीच नव्हती, उलट फार नीटनेटकं काम केलं होतं. जुन्या वहीत नवं वर्ष लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून जुलैत त्यांनी शीटवर Make a copy दाबलं, नव्या प्रतीला नव्या वर्षाचं नाव दिलं आणि चौऱ्याऐंशी नवी नावं, नवे ईमेल स्वतः टाइप केले. एकही चूक नाही. पण अशी प्रत काढली की स्क्रिप्ट नव्या फाइलमध्ये येते, तिला पाच तारखेला उठवणारा गजर मात्र येत नाही. तो जुन्या फाइललाच बांधलेला राहतो. नव्या प्रतीचं Triggers चं पान उघडलं तर कोरं. शिपायाला नव्या इमारतीत खुर्ची मिळाली होती, पण तो हजेरीला अजून जुन्याच इमारतीत जात होता.

एवढ्यावर भागलं असतं तर जुन्या शीटमधून काहीच गेलं नसतं, कारण आम्ही सगळे बाकी चुकती करून गेलो होतो. पण मेसच्या कारकुनाने जुन्या फाइलची लिंक ब्राउझरमध्ये खूण करून ठेवलेली. त्याने ऑगस्टचे दिवस आणि खाडे इमानाने तिथेच भरले. म्हणजे 'हिशोब' ताजा आणि 'यादी' शिळी. आणि दोन्ही पानांना जोडणारा दुवा काय, तर कॉट नंबर! स्क्रिप्टने सतरा-ब ची बाकी पाहिली, सतरा-ब शोधला, तिथे मी पडलेलोच होतो. तिचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. सरांनी तरी वेगळं काय केलं असतं?

जुन्या फाइलचा गजर काढला, नव्या फाइलला लावला. कारकुनाची खूण बदलली आणि जुन्या फाइलमध्ये त्याला फक्त वाचण्याची मुभा ठेवली. दुवा कॉटऐवजी प्रवेश क्रमांकाचा केला, तेव्हा सर जरा दुखावले. शेवटी एक अट घातली : चार तारखेला मेल एकट्या सरांना जाईल, त्यात उद्या कोणाकोणाला मागणी जाणार ती नावं असतील, आणि सरांनी शीटमधल्या एका चौकोनात त्या दिवसाची तारीख घातली तरच पाचला शिपाई हलेल. तारीख नसेल तर गप्प बसेल. हे मात्र सरांना मनापासून आवडलं. त्यांनी ती यादी छापून टॉर्चबरोबर राउंडला न्यायचं ठरवलं. आता ते खोलीपाशी थांबून विचारतात, "सतरा-ब, तुझं नाव काय रे?"

तिघा दानशूरांचे पैसे परत गेले. दोघांचे पूर्ण, आणि तिसऱ्याचे त्या गेस्टच्या ताटाचे साठ रुपये कापून, पावतीसह.

काम संपल्यावर सरांनी मला आग्रहाने मेसमध्ये नेलं. रविवारची फीस्ट होती. स्वतः उभं राहून दोन गुलाबजाम जास्त वाढायला लावले. निघताना पाठीवर थाप मारली, डोळ्यांत पाणीबिणी आलं असावं.

5 ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मला मेल आला. "सतरा-ब (माजी). गेस्ट 1, फीस्ट. बाकी 80 रुपये." या वेळी यादी अगदी ताजी होती. मी लगेच भरले.