क्लेम कसा लटकवावा : नवशिक्यांसाठी

पहिला धडा सोपा आहे, ठरलेल्या ऑपरेशनचा. मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांनी तीन आठवडे आधी दिली, तरी कंपनीला कळवू नये. 'आरोग्य संजीवनी'सारख्या पॉलिसीत अशा वेळी भरतीच्या किमान 48 तास आधी सूचना द्यायला सांगितलेले असते. आपण भरतीच्या दिवशी सकाळी काउंटरवर कार्ड पुढे करावे आणि कॅशलेसच्या मंजुरीसाठी उपाशीपोटी बसून राहावे.

खरे कौशल्य तातडीच्या भरतीत लागते. समजा, शनिवारी रात्री अकरा वाजता अण्णांच्या छातीत दुखू लागले आणि ते लगेच भरती झाले. त्याच पॉलिसीप्रमाणे 24 तासांत किंवा डिस्चार्जपूर्वी, यातले जे आधी येईल तेव्हा कळवायचे असते. म्हणजे रविवारी रात्री अकरापर्यंत. नवशिक्याने 'रविवारी ऑफिस बंद असते' असे स्वतःला पटवावे. कार्डामागचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो, पण कार्ड उलटून पाहतो कोण? कुणी विचारलेच तर 'हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कने कळवले असेल' असे सांगावे. हे वाक्य फार उपयोगी आहे, कारण डेस्कवाल्यालाही वाटत असते की घरच्यांनी कळवले असेल. इंटिमेशन नंबर मागून घेतला की सगळी मेहनत वाया जाते, तेव्हा तो मागूच नये.

मंगळवारी डिस्चार्ज. पूर्ण बिल खिशातून भरावे आणि बुधवारी कंपनीला फोन करावा. कॅशलेस तर हुकलेच. आता रिइम्बर्समेंटची फाइल पाठवली की 'विलंबाचे कारण कळवा' असे पत्र येते. कंपनीचा आक्षेप अगदीच पोकळ नसतो. पेशंट खाटेवर असताना तिला माणूस पाठवून खातरजमा करता येते, घरी गेल्यावर उरतात फक्त कागद.

इथे मात्र आपली विद्या फसण्याची भीती आहे. विमा नियामकाने 2011 सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावले आहे, की केवळ उशिरा कळवले म्हणून खरा क्लेम नाकारू नका. उशिराचे कारण शोधा, त्याची नोंद करा, आणि वेळेत कळवले असते तरीही क्लेम नाकारला गेला असता याची खात्री झाली तरच नाकारा.

तेव्हा पत्राला उत्तर देऊ नये. 'अण्णा आयसीयूत होते, घरात आई एकटीच होती' असे दोन ओळींत लिहून आयसीयूचे कागद जोडले, तर क्लेम मंजूरही होईल. उत्तर न देता फाइल बंद पडू द्यावी, किंवा नकार आलाच तर नशिबाला दोष देत बसावे. कंपनीच्या तक्रार विभागाकडे जाऊ नये, तिथे दाद लागली नाही तरी मुंबई-पुण्याच्या विमा लोकपालाकडे तर मुळीच नाही. तिथे वकील लागत नाही आणि फीही नसते.

ज्यांना या अभ्यासक्रमात नापास व्हायचे आहे, त्यांनी आज पॉलिसी उघडून आपल्या मुदतीचे तास बघावेत आणि हेल्पलाइनचा नंबर घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये घालून ठेवावा.