टीपकागद

आमच्या स्टुडिओत त्यांना सगळे तोंडावर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘टीपकागद’. कारण सर आले की दोन गोष्टी येतात: निवेदनाची दोन पानी संहिता, आणि ती कशी वाचायची याच्या नऊ पानी टिपा. मी काचेच्या या बाजूला बसणारा रेकॉर्डिस्ट. माझा संबंध खरं तर आवाजाशी, पण गेल्या काही वर्षांत सरांचं अक्षर माझ्याइतकं कोणी वाचलं नसेल.

सर एकेका ओळीची टीप लिहितात. एक तिरपी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन म्हणजे पुरा. अधोरेखित म्हणजे जोर, दोनदा अधोरेखित म्हणजे ‘जोर, पण कळू न देता’. वर जाणारा बाण, खाली येणारा बाण, आणि एक नागमोडी रेघ, जिचा अर्थ मी विचारला तेव्हा सर म्हणाले, “ती तुमच्यासाठी नाही.”

पूर्वी या टिपा संहितेतच टाइप केलेल्या असायच्या. एकदा एक नवा मुलगा आला, आवाज घागरीसारखा घुमणारा. तो मन लावून वाचत होता: “आणि त्या संध्याकाळी गाव रिकामं झालं. येथे आवंढा गिळावा.” काचेपलीकडे त्याने इतक्या गांभीर्याने हे म्हटलं की मला वाटलं गावकऱ्यांनाच सूचना आहे. मग सर टिपा लाल अक्षरात द्यायला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स आली काळीपांढरी. पुढच्या वेळी एका बाईंनी “डोळ्यांत मंद हसू” हे शब्द मंद हसून वाचले. तेव्हापासून संहिता एका कागदावर, टिपा दुसऱ्यावर. आता कलाकार दोन कागद सांभाळतो आणि ती सळसळ मला माइकमध्ये ऐकू येते.

मध्यंतरी लोणारच्या विवरावरची छोटी फिल्म होती. निवेदनाला ताई होत्या, मूळच्या कोल्हापूरच्या, रेडिओवर तीस वर्षं काढलेल्या. त्यांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाल्या, “सर, यावर माशा बसल्या होत्या काय?”

माशा नव्हत्या, नुक्ते होते. ‘चारी बाजूंनी चढण’ यातला पहिला च टाळूवरचा, दुसरा दातांवरचा. लिहिण्यात दोन्ही सारखे. हिंदीत वाढलेला मुलगा ‘चढण’ हिंदीसारखं म्हणतो आणि मराठी कान लगेच टवकारतो. त्याच्यासाठी दातांवरच्या च-ज खाली टिंब देणं ही सरांची खरोखर चांगली युक्ती. फक्त कोणाला टिंब द्यायचं आणि कोणाला नाही, हा भेद त्यांना मान्य नाही. ‘जवळ’, ‘जमीन’, ‘पाण्याचं’, सगळ्यांच्या पायाशी टिंब. ताईंनी काही न बोलता चष्मा पुसला.

खरी गंमत चौथ्या ओळीला झाली. ओळ अशी होती: ‘दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकात कोरल्यासारखं दिसणारं, चारी बाजूंनी चढण असलेलं, जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं आणि खाऱ्या पाण्याचं हे विवर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार गावाच्या अगदी काठावर आहे.’ टीप होती: ‘अगदी निवांत. प्रत्येक स्वल्पविरामाला दरीत डोकावल्यासारखं थांबावं.’ आणि पडद्यावरचं दृश्य होतं अकरा सेकंदांचं.

ताईंनी पहिल्यांदा निवांत वाचलं. विवर संपून पुढच्या दृश्यातली देवळाची पायरी आली तरी वाक्य चालूच. दुसऱ्यांदा पळवलं, तर लोणारला एसटी चुकतेय असं वाटलं.

“सर,” ताई टॉकबॅकवर म्हणाल्या, “चित्र लांबवायचं का माझी फुप्फुसं?”

सर घरी स्टॉपवॉच लावून वाचतात, पण मनात. मनातल्या मनात माणूस फार भरभर वाचतो, तिथे ओठ हलत नाहीत आणि श्वास लागत नाही. निवांत मराठी निवेदनाचा माझा अंदाज सेकंदाला दोन शब्द. कागदावर या ओळीत सव्वीस शब्द आहेत, पण ‘1.8’ हा एक शब्द तोंडात ‘एक पूर्णांक आठ दशांश’ असा चार शब्दांचा होतो. म्हणजे एकोणतीस, म्हणजे साडेचौदा सेकंद, दरीत डोकावणं वेगळं. टिपेने वेळ तयार होत नाही. शब्दच काढायला लागतात. हे मी सांगितलं तर सरांना राग येतो, म्हणून मी चहा मागवला आणि ताईंनी पेन्सिल घेतली. ‘जवळपास पावणेदोन किलोमीटर’ केलं, दख्खन आणि जिल्हा गेले, ‘दिसणारं’ गेलं. राहिलं ते असं: ‘काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं, चारी बाजूंनी चढण असलेलं, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं हे खाऱ्या पाण्याचं विवर लोणार गावाच्या काठावर आहे.’ एकोणीस शब्द, साडेनऊ सेकंद, वर डोकावायला दीड. सरांनी काढलेल्या शब्दांकडे, लेकीला सासरी धाडताना बघावं तसं बघितलं.

मग आली सातवी ओळ. ‘पण हे विवर ज्वालामुखीने घडवलेलं नाही.’ सहा शब्द, आणि खाली सव्वा पान टीप. ‘हे’ एकदा अधोरेखित, ‘ज्वालामुखीने’ दोनदा, ‘नाही’ला बाण आणि ती नागमोडी. ताईंनी तिन्ही वाचून दाखवले. ‘हे’वर जोर दिला तर वाटलं, शेजारी दुसरं विवर आहे, ते ज्वालामुखीचं. ‘ज्वालामुखी’वर दिला तर ऐकणारा विचारतो, मग कशाने? आणि ‘नाही’वर दिला तर कोणाशी तरी वाद चाललाय. तिन्हींवर एकदम दिला तेव्हा सरांनाच कळलं की बैलगाडी दगडांवरून चाललीये.

“मला एकच सांगा,” ताई म्हणाल्या, “हे मी कोणाला सांगतेय?”

सर गप्प झाले. सरांची टीप नसलेला क्षण मी पहिल्यांदाच पाहिला. मग टॉकबॅकचं बटण दाबून म्हणाले, “माझे वडील भूगोल शिकवायचे. त्यांच्या वेळच्या बऱ्याच जणांसारखं त्यांचंही मत, ते ज्वालामुखीचंच. पुढे 1970 च्या दशकात तिथल्या खडकात आघाताने बनलेली काच सापडली, अशनी आदळल्याशिवाय होत नाही अशी. मी कात्रण दाखवलं. त्यांनी घडी घालून परत दिलं.”

ताईंनी टिपांचा कागद स्टँडच्या मागे ठेवला आणि ओळ म्हटली. जोर कशावरच नव्हता. ‘पण’नंतर एक बारीक थांबा, वडील माणसाला खोटं पाडताना येतो तसा, आणि ‘नाही’ अगदी हळू. मी मान वर केली नाही, फक्त टेकचा नंबर लिहून ठेवला.

सर उठले, खिशातून पेन्सिल काढली, आणि सातव्या ओळीसमोरची सव्वा पान टीप खोडून दोन शब्द लिहिले: ‘वडिलांना सांगावं.’

पुढच्या महिन्यात माती परीक्षणावरच्या फिल्मची संहिता आली. टिपा अकरा पानी. पहिल्या ओळीसमोर, ‘नमुना घेण्यापूर्वी शेतातला पालापाचोळा बाजूला करा’ याच्यासमोर लिहिलं होतं, ‘वडिलांना सांगावं.’ दुसऱ्या ओळीसमोरही तेच, खतांच्या प्रमाणाच्या ओळीसमोर दोनदा अधोरेखित करून तेच.

ताईंनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि मला हळूच विचारलं, “यांचे वडील एकूण किती विषयांत चुकले होते हो?”