मुंढ्याची कैफियत

नागपुरात मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना आणि रस्त्यावरचे डांबर चपलांना चिकटू लागले असताना, एखाद्या सुशिक्षित गृहस्थाने लोकरीचा स्वेटर पिशवीत घालून कचेरीची वाट धरावी, हे दृश्य शेजाऱ्यांच्या मनात त्याच्या प्रकृतीविषयी, आणि प्रकृती शाबूत असल्यास बुद्धीविषयी, शंका उत्पन्न करणारे आहे, हे मी जाणतो. परंतु ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझ्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली, तेथे रक्ततपासणीचे एक यंत्र आले आणि त्याच्या नाजूक प्रकृतीस्तव खोली बारमाही बावीस अंशांवर ठेवण्याचा हुकूम सुटला, त्या दिवसापासून बाहेर ग्रीष्म व आत पौष अशी आमची दुहेरी पंचांगे सुरू झाली. यंत्राच्या थंडाव्याचा झोत नेमका माझ्या मानेवर येई. सबब स्वेटर, आणि स्वेटरावर, नियमाप्रमाणे, पांढरा अ‍ॅप्रन.

या ‘आणि’ शब्दात माझी सारी विपत्ती साठवलेली होती. माझी छाती 38 इंच. भांडारातून मला मिळालेल्या अ‍ॅप्रनवर 40 हा आकडा छापलेला होता, आणि दोन इंचांची ही उदारता पाहून मी खात्याविषयी कृतज्ञतेने भारावून गेलो होतो. सदरा व स्वेटर यांच्यावरून फीत फिरवली असता तीच छाती 41 भरते, हे मला पुढे कळले. तोपर्यंत अ‍ॅप्रनची दुसरी गुंडी सूक्ष्मदर्शकावर जाऊन आदळली होती. मी अर्ज केला, दोन महिन्यांनी तो मंजूर झाला, आणि मजकडे 46 मापाचा एक अ‍ॅप्रन आला. त्यात मी, माझा स्वेटर व गरज पडल्यास एखादा उमेदवार शिकाऊ डॉक्टरही सुखाने राहू शकला असता.

येथे कोणाही समंजस माणसाची कल्पना अशी होईल की, आता तरी हातपाय मोकळे झाले असतील. माझीही झाली होती. प्रत्यक्षात वरच्या फळीवरील बाटली काढण्यास मी उजवा हात उचलला, की तो सबंध अ‍ॅप्रन छत्री उघडावी तसा माझ्याबरोबर वर येई, खिसा कलंडे, आणि त्यातील पेने, चष्म्याचे घर व सुपारीची डबी यांची जमिनीवर नोंद होई. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असल्यामुळे बाह्या तळहातांपर्यंत येत. त्यांची ऐसपैस मोहरी एके दिवशी काचपट्ट्या रंगवण्याच्या तबकात बुडाली, आणि जांभळ्या रंगाने माखलेले ते मनगट घेऊन मी दिवसभर एखाद्या निरक्षर मतदारासारखा वावरलो.

अखेरीस हा ऐवज घेऊन मी आमच्या गल्लीतील वृद्ध शिंपीमास्तरांकडे गेलो. त्यांनी तो माझ्या अंगावर चढवला, मला हात वर करावयास सांगितले, मग स्वतःलाच मिठी मारावी तसे दोन्ही हात पुढे घ्यावयास लावले, आणि नंतर भर दुकानात उकिडवे बसवले. गिऱ्हाइके पाहत होती.

“डॉक्टरसाहेब, हा ढगळ आहे, मोकळा नाही,” मास्तर म्हणाले. “दोष छातीत नाही, मुंढ्यात आहे.”

छातीतला दोष छायाचित्रावरून ओळखण्याचे शिक्षण घेतलेल्या मला हे निदान ऐकून क्षणभर अपमान वाटला. मात्र मास्तरांचे विवेचन निर्दोष होते. हात फिरतो तो खांद्याच्या सांध्यापाशी. बाही जर त्या सांध्याजवळ, काखेच्या लगत जोडलेली असेल, तर हात वर गेल्यावर फक्त बाही वर जाते. पण मुंढा बरगडीपर्यंत उतरलेला असेल, तर हाताला प्रत्येक वेळी कुशीचे सारे कापड ओढून न्यावे लागते. मोठ्या मापाच्या तयार कपड्यात छातीबरोबर मुंढाही खाली सरकतो व खांदाही रुंदावतो. म्हणून जितका मोठा, तितका अधिक जखडणारा, अशी विपरीत अवस्था होते. उलट मुंढा नुसताच वर घ्यावा, तर स्वेटराचा गोळा काखेत जमून रक्तप्रवाहास अटकाव करतो. या पेचावर मास्तरांनी जो तोडगा काढला, तो आमच्या पणजोबांच्या अंगरख्यातून आलेला होता. त्याचे नाव चौबगला: काखेतील चौकडीत बसवलेला चौकोनी तुकडा. हात खाली असताना तो घडी होऊन निजतो आणि हात उचलताच उलगडतो.

मापे त्यांनी स्वेटरावरूनच घेतली. तीन इंच स्वेटराचे म्हणून अदमासाने मिळवण्यास त्यांचा सक्त विरोध होता, कारण लोकर छातीवर एक बोलते आणि दंडावर दुसरे. गंमत अशी की, 41 वर पाच इंच सैल धरून छाती ठरली 46च, म्हणजे त्या छत्रीइतकीच! परंतु छत्रीचा खांदा होता वीस इंच. माझा, स्वेटरासकट, भरला साडेअठरा. पाठीत दोन्ही फऱ्यांच्या बाजूला एकेक खोल चूण ठेवली, जी हात पुढे घेताच उघडते. मागे बसण्यापुरती चीर, मनगटाला विणलेली पट्टी, आणि गुंड्यांऐवजी टिचबटणे, कारण अंगावर आम्ल सांडले असता गुंड्या सोडवीत बसण्याइतकी सवड ते आम्ल देत नाही. कापड सुती घेतले. टेरीकॉट आटत नाही हे खरे, पण स्पिरिटच्या दिव्याशी त्याची भेट झाली, तर ते वितळून कातडीला चिकटते. सुती कापड मात्र रुग्णालयाच्या धोबीखान्यातील उकळत्या पाण्यात आखडते, म्हणून मास्तरांनी ते कापण्यापूर्वी रात्रभर भिजवून ठेवले.

या विजयाच्या धुंदीत असतानाच मला शस्त्रक्रियागृहातून बोलावणे आले. शस्त्रक्रिया चालू असता काढलेला तुकडा गोठवून तेथल्या तेथे तपासावयाचा होता. तेथील हिरवा पोशाख म्हणजे निराळे संस्थान. त्याच्या आत माझा पूर्ण बाह्यांचा गरम बनियन पाहताच सिस्टर म्हणाल्या, “सर, आतल्या बाह्या दिसताहेत. काढून या.” घरचे कापड आत चालते, पण ते हिरव्याखाली संपूर्ण झाकलेले असावे, गळ्यातूनही डोकावू नये, आणि हात धुणाऱ्यांची तर कोपरावरपर्यंत कातडी उघडी हवी, तेव्हा तेथील थंडीशी अर्ध्या बाह्यांनीच लढावे लागते. मी निमूटपणे बनियन उतरवला, सदरा लेंग्यात खोचला, आणि लेंग्याच्या कमरेला हात घातला, तो नाडीचे एक टोक आत गडप झालेले! लेंगा आमच्या सर्वांत स्थूल शल्यविशारदांच्या मापाचा होता. एका हाताने त्याची कंबर सावरीत मी दाराआडून विनंती केली, तेव्हा रक्तवाहिनी पकडण्याचा एक चिमटा आतून सरकवण्यात आला, आणि त्याच्या साह्याने, मृतपेशींखेरीज कशाचीही नाडी न पाहिलेल्या माझ्या हातून, ती पहिली नाडी सापडली.

पुढील वर्षाच्या निविदांपूर्वी मी सविस्तर टिपण पाठवले: मापे स्वेटरावरून घ्यावीत, छातीबरोबर खांदा व मुंढा यांचीही स्वतंत्र नोंद व्हावी, आणि काखेत चौबगला द्यावा. तीन आठवड्यांनी ते भांडाराच्या शेऱ्यासह परत आले. शेरा असा होता: “सदर ‘मुंढा’ व ‘चौबगला’ हे जिन्नस मंजूर यादीत नाहीत. आवश्यकता असल्यास प्रत्येकी तीन दरपत्रके जोडून मागणी करावी.”