ग्रुपचा चिटणीस

इंदूरमध्ये विजयनगरातलं कुठलंही ऑफिस घ्या, टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चिटणीस असतोच. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, पगारात त्याचा भत्ता नसतो. पण बाकीची मंडळी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर उभी असताना वाढदिवसाचा पहिला संदेश त्याचा पडतो आणि मग उरलेले वीस-पंचवीस जण त्याखाली केक आणि फुगे चिकटवून मोकळे होतात. लोक त्याला हौशी म्हणतात, रिकामटेकडाही म्हणतात. मला हा अन्याय वाटतो. मराठेशाहीतल्या चिटणिसाला पत्र एकाला लिहायचं असे आणि मायना त्या एकाच्या मानाप्रमाणे घातला की भागत असे. ह्याला लिहायचं असतं एकाला आणि वाचणार असतात पंचवीस जण. त्यांत साहेब असतात, नवी लागलेली पोरं असतात, ज्याचा वाढदिवस मागच्या आठवड्यात होऊन गेला तो असतो आणि ज्याचा पुढच्या आठवड्यात आहे तोही असतो. शेवटचे दोघे सर्वांत बारकाईने वाचतात.

शुभेच्छा आपुलकीची वाटायची तर मनात जिव्हाळा हवा, असा समज आहे. चिटणिसाचा अनुभव वेगळा सांगतो: जिव्हाळा कितीही असो, सगळं अडतं ते तपशिलाच्या निवडीवर. तपशील असा हवा की तो त्या एकाच माणसाला लागू पडावा, पण ग्रुपमधल्या प्रत्येकाने तो आधीच पाहिलेला असावा. पहिली अट पाळली नाही तर संदेश कोणालाही चालतो, म्हणजे कोणाचाच राहत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. नाव खोडून दुसऱ्याचं घालावं आणि मजकूर तसाच उभा राहिला तर तो टाकून द्यावा. ‘हसतमुख, मेहनती, सर्वांना मदत करणारे’ हा मजकूर या परीक्षेत दरवर्षी नापास होतो आणि दरवर्षी पाठवला जातो. इंदुरात तर आणखी एक सापळा आहे. ‘आमचे पोहे-जिलेबीचे शौकीन’ असं लिहिलं की लिहिणाऱ्याला आपण फार खासगीतलं लिहिलं असं वाटतं. पण या शहरात ही माहिती म्हणजे त्या गृहस्थाला दोन कान आहेत असं सांगण्यासारखी आहे. पोह्यांवर जिरावन न घालणारा माणूस असेल, तर मात्र ते लिहावं. असा माणूस ऑफिसात एकच निघतो आणि त्याचा निषेध सगळ्यांनी मिळून केलेला असतो.

दुसरी अट मोडली तर नुकसान अधिक होतं. चार मित्रांना ठाऊक असलेली गोष्ट पंचवीस जणांसमोर मांडली की तिची चुगली होते. छप्पन दुकानवर शनिवारी रात्री कोणी एग बेंजो किती चवीने खाल्ला हे त्या चौघांच्या दृष्टीने विनोदी असेल. पण खाणाऱ्याचा शाकाहारी मेहुणा त्याच ग्रुपवर असला तर वाढदिवसाची संध्याकाळ खुलासे देण्यात जाते. वय, वजन, लग्न, आजारपण, अडकलेली बढती यांतलं काहीही, कितीही प्रेमाने लिहिलं तरी, याच खात्यात जमा होतं. जुन्या लोकांच्या बाबतीत तारीखसुद्धा तपासावी लागते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने जुलैची पहिली तारीख टाकलेली असते. कंपनीची यादी तीच धरते आणि एकाच सकाळी तिघांचे वाढदिवस येतात, त्यांपैकी एकाचाही खरा नसतो. तिघांनाही आदल्या दिवशी विचारणं हाच त्यावर उपाय. एखाद्याला शुभेच्छाच नको असतील तर तेही त्याच वेळी कळतं.

आता हिशेब विभागातल्या एका मॅडमचा वाढदिवस समजू. चिटणिसाचा पहिला खर्डा असा: ‘आपल्या ऑफिसातल्या सर्वांत चोख मॅडमना शुभेच्छा.’ ‘सर्वांत’ या शब्दाने एकीचं कौतुक होतं आणि शेजारच्या टेबलावरचे तिघे गचाळ ठरतात, त्यांतला एक तर त्यांचा वरिष्ठ आहे. म्हणून चांगला चिटणीस तुलना काढून टाकतो. दुसरा खर्डा: ‘घरचं एवढं सगळं सांभाळून तुम्ही इथं...’ इथे तो स्वतःच थांबतो, कारण ‘एवढं सगळं’ म्हणजे काय, ही चौकशी दुपारच्या डब्याला सुरू होईल. तिसऱ्या खर्ड्यासाठी तो सगळ्यांनी काय पाहिलंय ते आठवतो. मॅडम चुकीच्या बिलावर पेन्सिलीने बारीक गोल करतात आणि काही न बोलता ते टेबलावर ठेवून जातात. झालं: ‘ज्यांच्या पेन्सिलीच्या गोलातून आजवर कोणाचंही टॅक्सीचं बिल सुटलेलं नाही, त्या मॅडमना वाढदिवसाच्या शुभेच्छा. आज एक दिवस पेन्सिल खाली ठेवा.’ यात कौतुक आहे, पण ‘कौतुक’ हा शब्द नाही. थट्टा आहे ती ज्यांची बिलं परत आली त्यांची, म्हणजे लिहिणाऱ्यासकट सगळ्यांची. साहेबांचंही बिल परत आलेलं असतं, त्यामुळे त्यांनाही हसता येतं. चिटणीस मराठी असला तरी प्रत्यक्षात हे हिंदीत लिहितो, कारण ग्रुपवर माळवी, सिंधी, जैन सगळे आहेत. मात्र पानठेल्यावरचं ‘भिया’ तो इथे आणत नाही. मॅडमपुढे तर नाहीच.

यावर कोणी म्हणेल, दोन ओळींसाठी एवढी मोजमापं म्हणजे निव्वळ ढोंग, मनातून येईल ते लिहावं. मनातलं अवश्य बोलावं, त्यासाठी फोन आहे, मॅडमचं टेबलही आहे. ग्रुपवरचा संदेश ही सत्काराच्या भाषणाची जात आहे आणि तिथे मनातलं सगळं बोलणाऱ्या वक्त्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळ्यांना एकच ठरीव मजकूर पाठवा, म्हणजे कोणाला डावं-उजवं वाटणार नाही. हे न्याय्य आहे हे मी मान्य करतो. शंभर शरद ऋतूंची संस्कृत शुभेच्छा तर कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे सर्वांना सारखी लागते, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीची वाट पाहणाऱ्याला आणखी बेचाळीस वर्षांचं काम दिल्यासारखंही होतं. ठरीव मजकुराचा खरा धोका मात्र डकवण्यात आहे. मागच्या महिन्यातली ‘ताई’ तशीच राहते आणि या महिन्यातल्या दादांना सौभाग्य चिंतिलं जातं. संदेश पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो हे खरं, पण तोवर सहा जणांनी खाली ‘हेच म्हणतो’ लिहिलेलं असतं. समानता ठेवायचीच तर ती लांबीत ठेवावी: साहेबांना दोन ओळी आणि शिपायालाही दोनच. साहेबांसाठी तिसरी ओळ आली की ग्रुपला पगारवाढीचा महिना आठवतो.

संदेश जमला की फसला हे फुग्यांच्या संख्येवरून कळत नाही, फुगे सगळ्यांनाच मिळतात. चिटणीस उत्तराची वाट पाहतो. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ आलं, तर मॅडमनी संदेश वाचला एवढंच सिद्ध झालं. पण अकराच्या सुमारास एखाद्याने ‘माझी तर सलग तीन बिलं परत आली होती’ असं लिहिलं, दुसऱ्याने आपल्या जुन्या बिलाचा फोटो टाकला आणि शेवटी मॅडमनीच ‘चौथंही आलंय, दुपारी घेऊन जा’ म्हणून कळवलं, तर चिटणीस फोन खिशात ठेवतो आणि पुढच्या आठवड्यातल्या माणसाकडे जरा निरखून पाहायला लागतो.