जाणाऱ्याला दोन

आमच्या ऑफिसातलं मूल्यमापन अतिशय प्रामाणिक असतं. एका सहकाऱ्याने 10 मार्चला राजीनामा दिला. नोटीस 90 दिवसांची. वर्षभराचं काम पाचपैकी चारचं, पण बेल कर्व्हमध्ये कुणाला तरी दोन द्यावेच लागतात, मग राहणाऱ्याचं मन कशाला दुखवा? राजीनामा पोचताच त्याचं गेल्या एप्रिलपासूनचं काम आपोआप खालावलं. सूर मात्र आदराचा. कालपर्यंत ‘अरे’, आता ‘अहो’. शेरा: ‘बांधिलकीत सुधारणेस वाव.’ खरं तर प्रत्येक टीमने एक राजीनामावाला कायम पाळावा, इतरांची पगारवाढ सुखरूप राहील.

शेवटच्या दिवशी साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, “अहो, अजून पंधरा दिवस थांबता का? मे महिन्याचं क्लोजिंग तुमच्याशिवाय कुणाला जमत नाहीये.”