‘मेजर रिव्हिजन’चं पत्र: नवशिक्या संपादकांसाठी

अभिनंदन. तुम्ही आता एका शास्त्रीय नियतकालिकाचे सहयोगी संपादक आहात. मानधन नाही, पण मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात नाव आहे. पहिला शोधनिबंध परीक्षकांकडून परत आलाय आणि लेखकांना पत्र लिहायचंय.

समजा, निबंध कांदाचाळीवरचा आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि भावाची वाट बघत चाळीत पडून राहतो. तेवढ्या काळात त्याचं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. लेखकांनी तळातून हवा खेळेल अशी नवी चाळ बांधली आणि शेजारच्या जुन्या चाळीशी तिची तुलना केली. दोन्हींत वीस-वीस क्रेट ठेवले. चार महिन्यांनी जुनीत एकूण नुकसान 34 टक्के निघालं, नवीत 25. वीस विरुद्ध वीस अशी चाचणी लावून त्यांनी फरक लक्षणीय ठरवला आणि शेतकऱ्यांनी हीच चाळ बांधावी अशी शिफारस केली.

परीक्षक तीन. पहिल्याचा अहवाल दोन ओळींचा: काम छान, प्रस्तावना लांबली आहे. दुसऱ्याचा दीड पानांचा: लेखकांना संख्याशास्त्राचा गंध नाही, वीस क्रेट म्हणजे वीस प्रयोग नव्हेत, असले निबंध पाठवून लोकांचा वेळ का घालवतात, आणि खालील चार निबंधांचा उल्लेख करावा. चारही निबंध एकाच गृहस्थाचे आहेत. तो कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. तिसरा म्हणतो, प्रस्तावना त्रोटक आहे, आणि आणखी दोन हंगामांची आकडेवारी हवी.

रूढ पद्धत सोपी आहे. निबंध वाचू नका. तिन्ही अहवाल जसेच्या तसे चिकटवा आणि वर लिहा: ‘परीक्षकांनी गंभीर आक्षेप घेतले असून आपण सर्व मुद्द्यांचे समाधानकारक निराकरण करावे.’ पाच मिनिटांत काम होतं आणि पुढे कोणी विचारलं तर सगळं परीक्षकांनीच म्हटलेलं असतं. ज्यांना अधिक सौजन्य दाखवायचंय त्यांनी ‘आपल्या मौल्यवान निबंधाबद्दल’ असा प्रारंभ करून मग दुसऱ्या परीक्षकाचा ‘गंध नाही’ खाली तसाच ठेवावा.

याचं फळ तीन महिन्यांनी मिळतं. लेखकांनी प्रस्तावनेतला एक परिच्छेद काढलेला असतो आणि दुसरा घातलेला असतो. चारही निबंधांचे उल्लेख आलेले असतात. उत्तराची पानं अकरा, त्यातली बहुतेक भाषेच्या दुरुस्त्यांची. आणि वीस क्रेटांपुढे एकच ओळ, ‘सूचनेबद्दल आभार, मजकुरात योग्य बदल केला आहे’. बदल म्हणजे ‘क्रेट’च्या जागी ‘नमुना’. दुसरा परीक्षक आता दोन पानं लिहितो.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे. तिची अडचण एवढीच की निबंध वाचावा लागतो. वाचल्यावर कळतं की दुसरा परीक्षक, दुर्दैवाने, बरोबर आहे. एका चाळीतले वीस क्रेट एकाच छपराखाली, एकाच हवेत असतात. नवी चाळ वाऱ्याच्या तोंडाला आणि जुनी गोठ्याच्या आडोशाला असेल, तर नऊ टक्क्यांचा फरक बांधणीचा की जागेचा, हे त्या क्रेटांवरून सांगता येत नाही. क्रेट वीस असले तरी चाळी एक-एकच आहेत. क्रेट शंभर केले तरी हा दोष जात नाही.

आता ठरवायचं तुम्ही, परीक्षकांनी नाही. प्रत्येक प्रकारच्या चार-पाच चाळी बांधायला सांगणं म्हणजे निबंध सभ्यपणे नाकारणं. तसं करायचं असेल तर सरळ नाकारा. पण मोजणी काळजीपूर्वक झालेली आहे, आणि दावा लहान केला तर निबंध उभा राहतो. म्हणून दोन जादा हंगाम नकोत, पण दावा बदलायलाच हवा. प्रस्तावनेवर दोन परीक्षकांची दोन मतं आहेत. तुम्ही एक उचला. चार निबंधांपैकी एक खरोखर चाळीतल्या हवेबद्दल आहे. तो ऐच्छिक ठेवा, बाकीचे गाळा. ‘गंध नाही’ आणि ‘वेळ’ ही वाक्यं काढण्याआधी त्या परीक्षकाला तसं कळवा. मुद्द्याला मात्र हात लावू नका. नम्रतेच्या भरात आक्षेपच पातळ केला, तर लेखकांना वाटतं फक्त रंगरंगोटी हवी आहे.

मग पत्र असं होतं:

‘मा. डॉ. क्ष आणि सहलेखक यांस, स. न. वि. वि.

आपला निबंध तीन परीक्षकांनी आणि मी वाचला. निर्णय: मोठ्या दुरुस्त्यांनंतर फेरविचार. चार महिन्यांची क्रेटनिहाय मोजणी हा निबंधाचा भक्कम भाग आहे. सध्याचा निष्कर्ष मात्र तिच्यावर टिकत नाही.

आवश्यक बदल:
१. प्रत्येक प्रकारची चाळ एकच असल्याने क्रेट स्वतंत्र प्रयोग धरता येत नाहीत. दोन चाळींमधली लक्षणीयतेची चाचणी काढावी. क्रेटनिहाय आकडे वर्णन म्हणून द्यावेत.
२. शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष यांत हे दोन चाळींचं निरीक्षण आहे असं स्पष्ट म्हणावं. सर्वसाधारण शिफारस काढावी.
३. दोन्ही चाळींची दिशा, आडोसा, आकार आणि भरलेल्या थराची उंची द्यावी. तापमान व आर्द्रतेच्या नोंदी असल्यास जोडाव्यात. नसल्यास तसं लिहावं.
४. एकूण नुकसानाची वजनघट, सड आणि कोंब अशी फोड द्यावी. खेळत्या हवेने सड कमी होऊन कांदा जास्त सुकूही शकतो.

ऐच्छिक: परीक्षक २ यांनी सुचवलेला पहिला संदर्भ.

आवश्यक नाही: आणखी दोन हंगामांची माहिती, परीक्षक २ यांचे उरलेले तीन संदर्भ. प्रस्तावनेबाबत परीक्षकांत मतभेद आहे. ती आहे तेवढीच ठेवावी.

सुधारित निबंध 60 दिवसांत, प्रत्येक क्रमांकाखाली उत्तर आणि पान-ओळ देऊन पाठवावा. तो फक्त परीक्षक २ यांच्याकडे जाईल. पहिल्या मुद्द्याशी आपण असहमत असाल तर कारण लिहावं. ते मी वाचेन. १ आणि २ यांची तड न लागल्यास निबंध स्वीकारता येणार नाही.’

पत्रात ‘कृपया’ एकदाही नाही, हे लक्षात आलं असेल. लेखकाचा मान राखला जातो तो काय पुरेसं आहे आणि काय केलं नाही तर नकार येईल, हे आधी कळण्यात. असहमतीचं वाक्यही शोभेचं नाही. चाळी मुळात चार होत्या आणि लेखकांनी ते लिहायचं राहून गेलं, असंही निघू शकतं.

एवढं करूनही लेखक रागावतील, त्याला इलाज नाही. 1936 साली ‘फिजिकल रिव्ह्यू’चे संपादक जॉन टेट यांनी आइनस्टाइनला परीक्षकाचे आक्षेप पाठवून त्यांवर मत विचारलं. निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी कुणाला दाखवायला नव्हे, असं कळवून आइनस्टाइनने तो मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. गुरुत्वीय लहरी नाहीत, हा मूळचा दावा त्यात उरला नव्हता.

निर्णयाची प्रत तिन्ही परीक्षकांना पाठवा. दोन हंगाम का मागितले नाहीत, असं तिसरा विचारेल; त्याला एक ओळीचं उत्तर द्या. सुधारित निबंध आला की हेच चार मुद्दे समोर ठेवून वाचा. वाचताना पाचवा सुचेलच. मोजणीतच चूक सापडली असेल तर तो जरूर घाला आणि पहिल्या वेळी सुटला म्हणून लेखकांची माफी मागा. आलेखाचा रंग आवडला नसेल तर गप्प बसा.