मुलाखतीचे सर

उंब्रजच्या स्टँडवर मे महिन्यात कडक इस्त्रीचा शर्ट आणि काखेत तीन फायली दिसल्या, की ते आमचे भूगोलाचे सर समजावेत. गाव हमरस्त्यावर, त्यामुळं सोय मोठी. जिकडची जाहिरात तिकडची एसटी, मग सातारा असो की कोल्हापूर. एरवी सर तासिका तत्त्वावर शिकवतात. पगार तासांवर असल्यानं शाळकरी पोरं सुट्टीची वाट बघतात आणि सर सुट्टी संपायची.

पहिल्या फाईलीत पदव्या, दुसरीत शोधनिबंध, तिसरीत या दोन्हींच्या झेरॉक्स. शोधनिबंध चौदा. अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत कॉलेजातल्या जागेच्या मुलाखतीला बोलावण्यासाठी एका निबंधाला २ गुण, पण सगळे मिळून ६च. म्हणजे चौथ्यापासून पुढचं सगळं धर्मादाय! त्यातून हे गुण दारापर्यंतच चालतात. आत गेल्यावर मुलाखत पुन्हा शून्यापासून.

"हे जर्नल केअर यादीत होतं का?" तज्ज्ञ विचारतात.

"छापलं तेव्हा होतं, सर."

२०२५ साली आयोगानं ती यादीच बंद केली. यादी गेली, प्रश्न राहिला.

अध्यापनाची भूमिका विचारली की सर ‘विद्यार्थिकेंद्रित’ म्हणून मोकळे होतात. खरं तर ते पोरांना तारळी-कृष्णेच्या संगमावर नेतात, नदी कुठला काठ खाते आणि कुठं गाळ टाकते ते दाखवतात. पण ते सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला : परवानगी घेतली होती का?

सादरीकरणाला दहा मिनिटं. त्यातली तीन प्रोजेक्टर खातो, दोन चहा. विषय कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी. गेल्या खेपेला तिसऱ्याच स्लाईडला संस्थेचे अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले.

"माझ्या उसात पांढरं फुटलंय. जिप्सम टाकू का?"

"माती तपासलीय का, साहेब?"

"सामू आठ. क्षारता पाच का सहा."

"मग जिप्सम कशाला? चारच्या वर क्षारता आणि साडेआठच्या आत सामू, म्हणजे जमीन खारवट. आधी चर काढा, मग गोड्या पाण्यानं क्षार धुऊन बाहेर घालवा. चर नसताना पाणी दिलंत, तर खालचं पाणी वर येईल आणि मीठ परत वर. जिप्सम चोपणाला. तिथं सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो, तो सोडवायला. आणि चोपणालाही निचरा लागतोच."

आयुष्यात पहिल्यांदा सर मुलाखतीत ‘विद्यार्थिकेंद्रित’ बोलले. तज्ज्ञांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी मात्र चहाच्या बशीखालचा कागद ओढून नंबर लिहून घेतला. सरांच्या घरी त्या रात्री शिरा झाला.

निवड दुसऱ्याची झाली. फोन मात्र आला. रविवारी अध्यक्षांच्या रानात चराचा उतार कुठून काढायचा ते बघायला सर गेले. मानधन? तासावर.